ताळेबंद जुळला, तरी भांडवलं चुकलेली असू शकतात

प्रश्न : बारावी वाणिज्यच्या असाइनमेंटमध्ये नवीन भागीदाराच्या प्रवेशाचं उदाहरण आहे. अनघा आणि बशीर यांचं नफा वाटणीचं प्रमाण 3:2. 1 एप्रिल 2024 ला चारू 1/5 हिश्शासाठी येते आणि हा हिस्सा दोघांकडून सारखा घेते. ख्याती जादा नफ्याच्या दुप्पट धरायची, चारूने आपला ख्यातीचा वाटा रोख आणायचा आणि शेवटी दोघांची भांडवलं चारूच्या 1,20,000 रुपयांच्या आधारे नव्या प्रमाणात करायची. मी नवं प्रमाण 12:8:5 काढलं, मैत्रिणीने 5:3:2. दोघींचे ताळेबंद 6,62,500 ला जुळतात, बँक शिल्लकही सारखीच येते, भांडवलं मात्र वेगळी. सरांनी माझ्या भांडवल खात्यांवर फुली मारली. ताळेबंद जुळतोय तर चूक कुठे आहे?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. तुझी चूक एकाच ठिकाणी झाली आहे, नवं प्रमाण काढताना. पुढचं सगळं त्या एका पायरीमागून घसरत गेलं. ताळेबंद तरीही जुळला, कारण या उदाहरणात तो जुळणारच होता. चारूचं भांडवल 1,20,000 म्हणजे 1/5, म्हणून तिघांचं मिळून 6,00,000. हा आकडा एकदा ठरला की दोघांपैकी कोणी किती आणायचं, कोणी किती न्यायचं ते बँकेतून सावरलं जातं आणि बेरीज जागच्या जागी राहते. एकाच्या खात्यात जास्त गेलेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यातून कमी झालेली असते. ताळेबंदाला फक्त बेरीज दिसते, कोणाचं कोणाकडे गेलं ते दिसत नाही. म्हणून या प्रकरणात बेरजेच्या पलीकडचा पडताळा हवा. तो पुढे देतो, आधी प्रमाण पाहू.

12:8:5 कसं आलं असेल ते उघड आहे. एकूण नफा 1, त्यातून चारूचा 1/5 वजा केला, उरलेले 4/5 अनघा-बशीरमध्ये 3:2 ने वाटले. अनघाला 12/25, बशीरला 8/25, चारूला 5/25. ही रीत चुकीची नाही, पण ती फक्त तेव्हा चालते जेव्हा नवा हिस्सा कोणाकडून किती आला याबद्दल उदाहरण काहीच सांगत नाही. तेव्हा आपण धरून चालतो की दोघांनी जुन्या प्रमाणातच सोडलं. तुझ्या उदाहरणात 'दोघांकडून सारखा' हे स्पष्ट दिलं आहे. म्हणजे 1/5 चे निम्मे, 1/10 अनघाने सोडले आणि 1/10 बशीरने. मग

अनघा : 3/5 − 1/10 = 5/10
बशीर : 2/5 − 1/10 = 3/10
चारू : 1/10 + 1/10 = 2/10

म्हणून 5:3:2. त्यागाचं प्रमाण 1:1. इथे लगेच बघून घ्यायचं की दोघांच्या त्यागाची बेरीज चारूच्या हिश्शाइतकी, म्हणजे 1/5 येते का. येते. पण तुझ्या 12:8:5 मध्येही हा पडताळा पास होतो (3/25 + 2/25 = 5/25), त्यामुळे तेवढ्यावर थांबून चालत नाही. सोडलेला प्रत्येक भाग उदाहरणाच्या वाक्याशी ताडून पाहायचा.

याच जागी विद्यार्थी आणखी एका वाक्यावर अडखळतात. 'अनघा आपल्या हिश्शाचा 1/5 भाग सोडते' म्हणजे 3/5 चा 1/5, अर्थात 3/25. आणि 'अनघा आपल्या हिश्शातून 1/5 भाग सोडते' म्हणजे 3/5 मधून सरळ 1/5 वजा, उरले 2/5. पहिल्यात गुणाकार, दुसऱ्यात वजाबाकी. उदाहरण वाचताना 'हिश्शाचा' की 'हिश्शातून' याखाली पेन्सिलने रेघ मारून ठेव.

आता ख्याती. मागच्या चार वर्षांचा नफा 82,000, 98,000, 1,10,000 आणि 80,000 दिला आहे. तिसऱ्या वर्षात जुनं यंत्र विकून झालेला 20,000 चा नफा मिसळलेला आहे आणि चौथ्या वर्षात आगीत विमा नसलेल्या मालाचं 10,000 चं नुकसान वजा झालं आहे. ही दोन्ही धंद्याची नेहमीची कमाई नाही. चारू ख्यातीचे पैसे देते ते पुढे मिळत राहणाऱ्या जादा नफ्यासाठी. यंत्र दरवर्षी विकलं जाणार नाही आणि आग दरवर्षी लागणार नाही. म्हणून यंत्राचा नफा वजा करायचा आणि आगीचं नुकसान परत मिळवायचं. तिसरं आणि चौथं, दोन्ही वर्षं 90,000 होतात. चार वर्षांची बेरीज 3,60,000, सरासरी 90,000.

जादा नफा काढायला गुंतवलेलं भांडवल लागतं. इथे मालमत्ता 5,10,000, त्यातून धनको 60,000 वजा, उरले 4,50,000. दुसऱ्या बाजूनेही तेच येतं : अनघाचं भांडवल 2,40,000, बशीरचं 1,60,000 आणि सर्वसाधारण राखीव निधी 50,000. पुष्कळ जण राखीव निधी विसरतात आणि 4,00,000 धरतात. तो निधी भागीदारांचाच न वाटलेला नफा आहे, धंद्यात वापरात आहे, म्हणून तो धरायचाच. साधारण परताव्याचा दर 10 टक्के दिला आहे, म्हणजे साधारण नफा 45,000. सरासरी 90,000 मधून तो वजा केला की जादा नफा 45,000 आणि त्याच्या दुप्पट ख्याती 90,000. त्यात चारूचा वाटा 1/5, म्हणजे 18,000.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इथे ताळेबंदाचं आंधळेपण आणखी स्पष्ट दिसतं. यंत्राचा नफा आणि आगीचं नुकसान तसंच ठेवलं असतंस, तर सरासरी 92,500 आली असती, जादा नफा 47,500 आणि ख्याती 95,000. चारूने 18,000 ऐवजी 19,000 आणले असते. आणि शेवटचा ताळेबंद? 6,62,500. बँक शिल्लक? तीच, 1,75,000. चारूकडून जास्त आलेले 1,000 रुपये भांडवलं बसवताना दोन जुन्या भागीदारांच्या हाती परत गेले असते. ख्यातीचं मूल्य चुकलं तरी शेवटच्या बेरजेत त्याचा मागमूस राहत नाही.

ख्यातीच्या नोंदी अशा :

1. बँक खाते नावे 1,38,000. चारूचे भांडवल खाते जमा 1,20,000. ख्याती खाते जमा 18,000.
2. ख्याती खाते नावे 18,000. अनघाचे भांडवल खाते जमा 9,000. बशीरचे भांडवल खाते जमा 9,000.

दुसऱ्या नोंदीनंतर ख्याती खात्याची शिल्लक शून्य होते, म्हणून नव्या ताळेबंदात ख्याती दिसता कामा नये. संस्थेने स्वतः कमावलेली ख्याती मालमत्ता म्हणून दाखवायची नाही, लेखांकन मानक 26 हेच सांगतं. पूर्ण 90,000 ची ख्याती पुस्तकात उभी करून ताळेबंदात ठेवण्याची पद्धत जुन्या गाइडमध्ये सापडली तर ती उचलू नकोस. उलट, जुन्याच ताळेबंदात आधीपासून ख्याती दाखवलेली असेल, तर ती आधी जुन्या भागीदारांच्या भांडवलातून जुन्या प्रमाणात काढून टाकायची आणि मगच वरच्या नोंदी करायच्या. तुझ्या उदाहरणात तशी ख्याती नाही.

तू 18,000 हे 3:2 ने वाटलेस, अनघाला 10,800 आणि बशीरला 7,200. तुझ्या 12:8:5 ला धरून ते सुसंगतच होतं. पण ख्यातीची रक्कम ही सोडलेल्या हिश्शाची भरपाई असते. दोघांनी सारखं सोडलं तर दोघांना सारखं मिळायला हवं. 3:2 ने वाटल्यावर बशीरने 1/10 सोडून 7,200 घेतले आणि अनघाने तेवढंच सोडून 10,800. बशीरचे 1,800 रुपये अनघाच्या खात्यात गेले.

आता तो पडताळा. समज, दुसऱ्याच दिवशी संस्था विकली आणि ख्यातीचे बरोबर 90,000 आले. ते नव्या प्रमाणात वाटायचे : अनघाला 45,000, बशीरला 27,000, चारूला 18,000. त्यात प्रवेशाच्या वेळी मिळालेली किंवा दिलेली रक्कम मिळव. अनघाचे 45,000 आणि 9,000 मिळून 54,000, म्हणजे 90,000 चे 3/5. बशीरचे 27,000 आणि 9,000 मिळून 36,000, म्हणजे 2/5. चारूने 18,000 दिले, 18,000 परत मिळाले, हाती शून्य. ती येण्याआधी ख्याती ज्यांची होती, त्यांनाच ती त्याच प्रमाणात मिळाली. ख्यातीचं समायोजन बरोबर झालं आहे ते यावरून कळतं. तुझी वाटणी या पडताळ्यात टाकली तर अनघाला 55,800 येतात आणि बशीरला 34,200. वरून जुळलेल्या ताळेबंदात न दिसलेले 1,800 रुपये इथे लगेच सापडतात.

हाच पडताळा आणखी एका प्रसंगी कामाला येतो. कधी कधी नवं प्रमाण थेट दिलेलं असतं आणि त्यात जुन्या भागीदारांपैकी एकाचा हिस्सा वाढलेला असतो. उदाहरणार्थ 3:2 चं नवं प्रमाण 2:5:3 झालं. अनघा 6/10 वरून 2/10 वर आली, तिचा त्याग 4/10. बशीर मात्र 4/10 वरून 5/10 वर गेला, त्याला 1/10 चा लाभ. अशा वेळी त्याला ख्यातीतून काही मिळत नाही, उलट चारूसारखंच त्यालाही द्यावं लागतं. ख्याती 90,000 असेल तर चारू 27,000 देईल, बशीरच्या भांडवलात 9,000 नावे पडतील आणि अनघाच्या भांडवलात 36,000 जमा होतील. जुनं वजा नवं करताना उत्तर ऋण आलं तर ते दुरुस्त करायला जाऊ नकोस. ऋण उत्तर म्हणजे लाभ. विद्यार्थी ते चिन्ह पुसतात आणि बशीरलाही जमा देतात, मग त्यागाची बेरीज नव्या हिश्शाशी जुळत नाही.

राखीव निधी आणि पुनर्मूल्यांकन यांत तू चुकलेली नाहीस, तरी कारण लक्षात असू दे, कारण त्यागाचं प्रमाण शिकल्यावर ते सगळीकडे लावण्याचा मोह होतो. 50,000 चा राखीव निधी चारू येण्याआधीच्या नफ्यातून साठला आहे, तो अनघा आणि बशीर यांचा, 3:2 ने. 30,000 आणि 20,000. पुनर्मूल्यांकनाचंही तसंच. इमारत 2,00,000 ची 2,30,000 झाली, 30,000 वाढ. फर्निचर 80,000 वर 10 टक्के घट, 8,000. ऋणको 90,000 वर 5 टक्के बुडीत व संशयित कर्ज निधी, 4,500. नोंदवायचं राहिलेलं वीजबिल 2,500. वाढीतून हे तिन्ही वजा करून 15,000 नफा उरतो, तोही जुन्या प्रमाणात, 9,000 आणि 6,000. इमारतीची किंमत चारू येण्याआधी वाढली आहे, वीजही आधीच वापरली आहे. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम 31 नुसारही नवा भागीदार त्याच्या प्रवेशाआधीच्या संस्थेच्या कृत्यांना जबाबदार नसतो. म्हणून आधीच्या काळातलं जे काही असेल, ते जुन्यांच्या खात्यात जुन्या प्रमाणात. ख्याती मात्र हिश्श्यांच्या देवाणघेवाणीचा मोबदला आहे, म्हणून तिथे त्यागाचं प्रमाण.

भांडवल खाती आता अशी दिसतील :

| | अनघा | बशीर | चारू |
|---|---|---|---|
| जुनी शिल्लक / आणलेलं भांडवल | 2,40,000 | 1,60,000 | 1,20,000 |
| राखीव निधी | 30,000 | 20,000 | – |
| पुनर्मूल्यांकनाचा नफा | 9,000 | 6,000 | – |
| ख्याती | 9,000 | 9,000 | – |
| समायोजनाआधीची शिल्लक | 2,88,000 | 1,95,000 | 1,20,000 |
| नव्या प्रमाणातलं भांडवल | 3,00,000 | 1,80,000 | 1,20,000 |

चारूचं 1,20,000 हे 2/10, म्हणून 1/10 म्हणजे 60,000. त्या हिशेबाने अनघाचे 5 भाग 3,00,000 आणि बशीरचे 3 भाग 1,80,000. अनघाला 12,000 आणावे लागतील आणि बशीर 15,000 काढून घेईल. बँक शिल्लक आधीची 40,000, चारूचे 1,38,000, अनघाचे 12,000, त्यातून 15,000 वजा, म्हणजे 1,75,000.

तुझ्या वहीत काय झालं ते याच्या शेजारी ठेव. तुझ्या हिशेबाने समायोजनाआधी अनघाचे 2,89,800 आले आणि 12:8:5 ने तिचं भांडवल 2,88,000 व्हायला हवं होतं, म्हणून तिने 1,800 काढून घेतले. बशीर 1,93,200 वरून 1,92,000 वर आला, त्याने 1,200 काढले. म्हणजे प्रत्यक्षात 12,000 आणायला हव्या असणाऱ्या भागीदाराने तुझ्या वहीत उलट 1,800 नेले. एकाच खात्यात 13,800 चा फरक पडला, आणि बँकेतून तुझ्याकडेही एकूण 3,000 गेले, तिच्याकडेही 3,000. म्हणून बेरीज दोघींची एकच आली.

ताळेबंदाची मालमत्तेची बाजू, मैत्रिणीशी ताडून पाहण्यासाठी : बँक 1,75,000, ऋणको निधी वजा करून 85,500, साठा 1,00,000, फर्निचर 72,000, इमारत 2,30,000. देयतेच्या बाजूला धनको 60,000, देणे असलेलं वीजबिल 2,500 आणि तिघांचं भांडवल 6,00,000. इथे वीजबिल राहून गेलं तर मात्र ताळेबंद 2,500 ने अडेल. पुनर्मूल्यांकनात बिल घेतलं आणि देयतेत विसरलं, असं बऱ्याच वह्यांत दिसतं. फरक नेमका 2,500 आला तर आधी तिकडे बघ.

असाइनमेंटच्या दुसऱ्या भागात चारूने ख्याती रोख न आणण्याची स्थिती असेल, तर बँकेला हात लागत नाही. चारूचे चालू खाते नावे 18,000, अनघा आणि बशीर यांचं भांडवल जमा प्रत्येकी 9,000. तिने काही भाग, समज 12,000, आणला असेल तर आधी ते बँकेतून ख्याती खात्यात जमा करायचे. मग ख्याती खाते नावे 12,000, चारूचे चालू खाते नावे 6,000 आणि जुन्या दोघांना तेच 9,000-9,000. जुन्यांना मिळायची रक्कम कधीच बदलत नाही, ती फक्त कुठून येते ते बदलतं. चारूचं चालू खातं नावे राहिलं तर ते ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवायचं. ती 18,000 ची उधारी तिच्या भांडवलातूनच वजा केलीस, तर 1,20,000 चा पाया ढळेल आणि 6,00,000 चं सगळं गणित नव्याने करावं लागेल. म्हणून भांडवल नव्या प्रमाणात बसवायचं असेल तेव्हा चालू खातंच वापर.

वही दुरुस्त करताना सगळं खोडायची गरज नाही. पुनर्मूल्यांकन खातं आणि राखीव निधीची नोंद तशीच ठेव. प्रमाणाची वर्किंग नोट नव्याने लिही, तिथे त्याग 1/10 आणि 1/10 हे वेगळ्या ओळीत येऊ दे. ख्यातीची दुसरी नोंद, भांडवल खाती आणि अनघा-बशीरची बँकेतली देवघेव बदल. ख्यातीच्या वर्किंग नोटखाली 54,000, 36,000 आणि शून्य हा पडताळा तीन ओळींत लिहून दे, म्हणजे ख्याती 1:1 ने का वाटली ते सरांना तिथेच दिसेल.